पाचाचा आकडा सगळ्यांना का मिळत नाही

प्रिय सहकाऱ्यांनो,

मागच्या शुक्रवारी सगळ्यांना अप्रेझलची पत्रं मिळाली, वर्षभराच्या कामाला १ ते ५ पैकी एक रेटिंग देणारी. सोमवारी कॅन्टीनबाहेरच्या सूचनापेटीत एक चिठ्ठी निघाली. नाव नाही, निळी शाई, एकच वाक्य : "सगळ्यांनी मिळून वर्ष काढलं, मग ५ मोजक्यांनाच का?" त्याखाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, "एचआरला विचारा, मजा येईल."

विचारलंत ते बरं केलंत. गेली अठरा वर्षं मी मनुष्यबळ विभागात काम करतो आहे आणि दर एप्रिलमध्ये या प्रश्नाला मी एकच गुळमुळीत उत्तर देत आलो : "प्रोसेस आहे." हे उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्या आधीच्या एका कंपनीत हेच उत्तर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकलं होतं. त्या वर्षी मला ३ मिळाला होता आणि घरी बायकोला मी "ठीक होतं" एवढंच सांगितलं होतं. म्हणून यंदा ती 'प्रोसेस' आतून कशी चालते ते आकड्यांसकट लिहितो आहे. ती जिथे मला पटत नाही, तेही लिहीन.

आधी त्या ३ बद्दल. आपण सगळे गुणपत्रिकेवर वाढलेली माणसं. पाचपैकी तीन म्हटलं की डोक्यात लगेच साठ टक्के होतात, आणि साठ टक्के म्हणजे शेजारच्यांना पेढे देताना जरा आवाज खाली घ्यायचा. आपल्या स्केलवर ३ म्हणजे ज्या पदासाठी तुम्हाला पगार मिळतो त्या पदाचं काम तुम्ही पूर्ण केलंत, काही राहिलं नाही. ४ म्हणजे पदाच्या अपेक्षेपलीकडचं काम वर्षभर सातत्याने दिसलं. ५ म्हणजे तुमच्या कामामुळे तुमच्या टीमबाहेरच्यांचंही काम बदललं. दहावीचा पेपर सोपा निघाला तर सगळ्या वर्गाला नव्वदच्या वर मिळू शकतात, कारण तिथे प्रत्येक जण पेपरशी झुंजतो, एकमेकांशी नाही. ५ च्या व्याख्येत मात्र तुलना आधीपासूनच बसलेली आहे.

आकड्याला अर्थ कुठून येतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण सरकारी नोकरीतलं आहे. सीमा रस्ते सेवेतले देव दत्त नावाचे अभियंता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्यांच्या एका वर्षाच्या गोपनीय अहवालात शेरा होता 'चांगला'. वाईट शेराच तेवढा कळवायचा अशी रीत असल्यामुळे तो त्यांना कुणी कळवलाच नाही. पण बढतीसाठी लागत होता 'फार चांगला'. म्हणजे 'चांगला' या शब्दानेच माणसाची बढती अडली. २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, कर्मचाऱ्याला तो कळवलाच पाहिजे. मला या निकालातलं जे जाणवतं ते असं : वरची पायरी सर्रास वाटली जाऊ लागली की खालच्या सगळ्या पायऱ्या आपोआप शिव्या होतात. कार्यालयात सगळेच 'फार चांगले' असतील, तर 'चांगला' हा ठपकाच.

आता पैशाचा हिशेब. खरी कळ इथेच आहे आणि मीटिंगमध्ये यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

चाळीस जणांचा एक विभाग घ्या. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येकाचा वार्षिक पगार १० लाख धरू. (तसा तो नसतो. आणि पगार आपल्या बँडच्या तळाशी आहे की माथ्याशी, यावरूनही टक्केवारी थोडी हलते. म्हणून दोन ५ वाल्यांची वाढ तंतोतंत सारखी नसते. ते तूर्त बाजूला ठेवू.) विभागाचा पगारखर्च झाला ४ कोटी. फेब्रुवारीत संचालक मंडळ वाढीची रक्कम मंजूर करतं. समजा ९ टक्के, म्हणजे ३६ लाख. हा आकडा रेटिंगच्या आधी ठरतो. कारण पुढच्या वर्षी ग्राहकाकडून कोणत्या दराने बिल करायचं ते बहुतेक करारांमध्ये आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही सगळे एका वर्षात दुप्पट हुशार झालात तरी त्या करारातला दर हलत नाही.

या ३६ लाखांची वाटणी करायला एक तक्ता असतो. ५ ला १४ टक्के, ४ ला साडेदहा, ३ ला ७, २ ला ३ आणि १ ला शून्य, असा तो धरू. हा तक्ता करताना गृहीत धरलेलं असतं की साधारण पंधरा टक्के लोक ५ मध्ये आणि तीसेक टक्के ४ मध्ये येतील, आणि बरेचसे ३ मध्ये. त्या गृहीतावर पैसे पुरतात.

आता विभागातल्या पाच मॅनेजरांनी मीटिंगच्या आधी सिस्टीममध्ये भरलेली रेटिंग्ज पाहा. ५ सतरा जणांना, ४ सोळा जणांना, ३ सात जणांना. २ आणि १ कुणालाच नाही. चाळीस माणसांत एकही जण मागे पडलेला नाही आणि सतरा जण असाधारण! आमच्याकडे हे दरवर्षी होतं, त्यात मॅनेजरांची लबाडी नसते. रोज ज्याच्यासोबत चहा प्यायचा त्याला ३ लिहिताना हात जड होतोच.

तक्त्याने हिशेब केला तर सतरा जणांचे २३ लाख ८० हजार, सोळा जणांचे १६ लाख ८० हजार, सात जणांचे ४ लाख ९० हजार. एकूण साडेपंचेचाळीस लाख. खिशात ३६. साडेनऊ लाख कमी पडले.

इथे दोनच वाटा उरतात. रेटिंग तशीच ठेवून सगळ्यांचे टक्के सारख्या प्रमाणात खाली आणायचे, ही पहिली वाट. तसं केलं की ५ वाल्याला १४ ऐवजी ११ टक्के मिळतात, ४ वाल्याला ८.३, ३ वाल्याला साडेपाच. आता बघा यात मार कुणाला बसला. ज्याने खरंच ५ चं काम केलं होतं त्याच्या खिशातून वर्षाला साधारण २९ हजार रुपये गेले, आणि ते गेले त्याच्या शेजारी उदारपणे वाटलेल्या ५ मध्ये. ज्या सात जणांना प्रामाणिकपणे ३ मिळाला तेही प्रत्येकी पंधराएक हजारांनी बुडाले. त्यांचा दोष एवढाच की त्यांचा मॅनेजर हात आखडून रेटिंग देणारा निघाला. आणि चाळीसच्या चाळीस जणांना ५ दिला, तर प्रत्येकाला बरोबर ९ टक्के. पत्रावर ५, हातात ४ पेक्षाही कमी. चिठ्ठी लिहिणाऱ्याला हे चालेल का, हे मला खरंच विचारायचं आहे. कारण 'सगळ्यांना सारखं' ही भूमिका वाईट नाही, ती उघडपणे घेता येते. फक्त मग रेटिंग लिहायचं नाटक कशाला?

दुसरी वाट म्हणजे एका खोलीत बसून रेटिंग्ज एकमेकांसमोर ठेवायची. याला आपण कॅलिब्रेशन म्हणतो, बाहेर लोक नॉर्मलायझेशन म्हणतात, आणि कॅन्टीनमध्ये 'कापाकापी' म्हणतात ते मला माहीत आहे.

या खोलीत काय होतं ते सांगतो. पाच मॅनेजर, विभागप्रमुख आणि मी. साडेतीन तास, मोबाइल बाहेर. पहिल्या अर्ध्या तासात कुणाचंच नाव निघत नाही. आधी पाचही टीमची वाटणी शेजारी शेजारी मांडतो. यंदा एका टीममध्ये नऊपैकी सात जणांना ५ होता आणि दुसरीत आठपैकी एकाला. पहिली टीम दुसरीपेक्षा इतकी सरस होती? प्रकल्प वेळेवर गेले का, ग्राहकाकडे गेल्यावर किती दोष निघाले, हे दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच होते. फरक मॅनेजरच्या पट्टीत होता. एकाची पट्टी फुटाची, दुसऱ्याची सव्वा फुटाची. ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. हजारो मॅनेजरांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, २००० साली, असं दिसलं होतं की रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वभावातून येतो. थोडक्यात, तुमचं रेटिंग वाचताना निम्मा वेळ आपण तुमच्या मॅनेजरबद्दल वाचत असतो.

मग प्रत्येक ५ साठी मॅनेजरने अर्धं पान वाचायचं. त्यात तीन गोष्टी हव्यात. काय झालं, हा माणूस नसता तर काय झालं असतं, आणि टीमबाहेर कुणाला ते जाणवलं. विशेषणं चालत नाहीत. 'डेडिकेटेड', 'टीम प्लेअर', 'ओनरशिप घेतो' हे शब्द आले की विभागप्रमुख पेन्सिल टेबलावर आपटतात.

सात ५ वाल्या टीमची पानं वाचायला लागलो आणि चौथ्या पानापर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं की चारही पानांत एकच रात्र आहे. दिवाळीतल्या पाडव्याला ग्राहकाचं पेमेंट गेटवे बंद पडलं होतं आणि ही मंडळी पहाटे चारपर्यंत ऑफिसात होती. त्या रात्रीबद्दल त्यांना तेव्हाच बक्षीस आणि बदली रजा मिळाली होती, आणि ते योग्यच होतं. पण वर्ष ३६५ दिवसांचं. गेटवे बंद का पडलं हे शोधून ते पुन्हा पडू नये याची व्यवस्था त्याच टीममधल्या एकाने पुढच्या दोन महिन्यांत केली. रात्री तो नव्हताच, गावाला होता. त्याचा ५ राहिला. आणखी एकाचा राहिला. पाच जण ४ किंवा ३ वर आले.

आणि आता दुसरी टीम, आठपैकी एक ५ वाली. तिथे टेस्टिंगमधल्या एका मुलीला ४ होता आणि मॅनेजरने शेरा लिहिला होता : "काम नियमित. अपेक्षेप्रमाणे उत्तम." बस. पुढे सरकणार एवढ्यात तिसऱ्याच टीमचा मॅनेजर म्हणाला, "थांबा, ती तीच ना, जिने रिग्रेशनचं ऑटोमेशन केलं?" प्रत्येक रिलीजच्या आधी जुनं सगळं पुन्हा तपासायला तीन दिवस लागायचे. हिच्या स्क्रिप्टमुळे ते पाच तासांवर आलं होतं आणि आणखी दोन टीम तीच स्क्रिप्ट वापरत होत्या. तिच्या मॅनेजरला ते माहीत होतं, पण 'तिचं कामच आहे ते' असं त्याला वाटत होतं. तिला ५ मिळाला. कॅलिब्रेशनमध्ये रेटिंग फक्त खाली जातं असा समज आहे. खाली जाणारी जास्त असतात हे खरं, पण वर जाणारी जी असतात ती या खोलीशिवाय कधीच वर गेली नसती. कमी बोलणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली कमी बोलणारा माणूस असला, की दुसरा कुणी साक्षीदार नसेल तर त्याचं काम बुडतं.

शेवटी त्या विभागात ५ सात जणांना मिळाला, ४ अकरा जणांना, ३ वीस जणांना, २ दोघांना. अकरा जणांचा ५ गेला, एकीला नवा मिळाला. तक्त्याने खर्च झाला ३५ लाख ९५ हजार. पाच हजार उरले, त्याचं काय करायचं यावर कुणी भांडलं नाही.

पंधरा टक्के म्हणजे चाळीसात सहा. मग सात कसे? कारण आपली रेघ पंधरावर ओढलेली नाही. दहा ते वीस टक्के असा पट्टा आहे, आणि तोसुद्धा टीमसाठी नसून विभागासाठी आहे. हे मी जरा थांबून सांगतो, कारण अनेक कंपन्यांत याच जागी अन्याय होतो आणि आपल्याकडेही चार वर्षांपूर्वीपर्यंत होत होता.

सहा जणांच्या टीमचे पंधरा टक्के काढले तर उत्तर येतं ०.९ माणूस. तेव्हा आम्ही ते 'एक' धरायचो. प्रत्येक टीमला एक ५, हिशेब संपला. आता समजा अख्ख्या कंपनीत खरोखरच शंभरात पंधरा जण ५ चे आहेत आणि ते टीममध्ये कसेही विखुरलेले आहेत. मग सहा जणांच्या टीममध्ये एकही ५ चा माणूस नसण्याची शक्यता ३८ टक्के येते. बरोबर एक असण्याची ४० टक्के, आणि दोन किंवा जास्त असण्याची २२ टक्के. म्हणजे 'टीमला एक' हा नियम दहापैकी सहा टीममध्ये चुकतो. कुठे लायक नसलेल्याला देतो, कुठे लायक असलेल्याचा काढून घेतो. वर प्रत्यक्षात माणसं कशीही विखुरलेली नसतातच. चांगला मॅनेजर चांगली माणसं गोळा करतो, अवघड प्रकल्पावर आपणच निवडून माणसं पाठवतो. म्हणून सहा-आठ जणांच्या टीमवर कसलाही कोटा लावणं हे गणितालाच धरून नाही. चाळीस जणांतही चारपासून आठपर्यंत फरक सहज पडू शकतो, म्हणून पट्टा. चारशेच्या कंपनीत मात्र साठच्या आसपास आकडा बराच स्थिर होतो. तुमचा मॅनेजर जर म्हणाला, "आपल्या टीमला एकच ५ होता, तो त्याला गेला," तर तो एक तर जुना नियम सांगतो आहे किंवा अडचणीतून सुटतो आहे. मला येऊन सांगा.

इतकं मी वरच्या टोकाचं समर्थन केलं. खालच्या टोकाचं करणार नाही.

बेल कर्व्ह या शब्दाने लोकांना राग येतो तो मुख्यतः खालच्या टोकामुळे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी २०-७०-१० ची पद्धत गाजवली : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, आणि खालच्या दहा टक्क्यांना दरवर्षी दार दाखवायचं. ती जगभर उचलली गेली. नंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्याकडची अशी सक्तीची क्रमवारी बंद केली, आणि पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही तिच्यापासून फारकत घेतली. कारण अंदाजापलीकडचं नव्हतं. दहा जणांच्या टीममध्ये एकाला खाली ढकलायचंच आहे हे माहीत असेल, तर हुशार माणूस हुशार माणसांच्या टीममध्ये जायलाच नको म्हणतो. नव्या माणसाला काम शिकवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

शिवाय मानवी काम घंटेच्या आकाराने पसरलेलं असतं, हेही सिद्ध नाही. २०१२ मध्ये ओबॉइल आणि अगिनिस या दोघांनी संशोधक, कलाकार, राजकारणी, खेळाडू अशा सहा लाखांहून अधिक लोकांच्या कामगिरीचे आकडे तपासले. तिथे घंटा दिसली नाही. थोडे लोक खूप पुढे आणि बहुसंख्य सरासरीच्याही खाली, असं चित्र निघालं. आपलं काम क्रिकेटसारखं धावांत मोजता येत नाही, त्यामुळे तो आकार जसाच्या तसा इथे लावणं मला धाडसाचं वाटतं. पण एवढं नक्की, की घंटा ही निसर्गाची आज्ञा म्हणून कुणी तुमच्यासमोर ठेवली तर ऐकून घेऊ नका. वरचा पट्टा आपण ठेवतो तो पैसे मोजके आहेत आणि पट्ट्या वेगवेगळ्या आहेत म्हणून. खालच्या बाजूला पैशाची अशी कोणतीच अडचण नाही. कुणालाच २ दिला नाही तरी तिजोरी रिकामी होत नाही, आपल्या चाळीस जणांच्या उदाहरणात ऐंशी हजारांचा फरक पडतो. म्हणून आपल्याकडे २ आणि १ ला कोटा नाही. उलट एक अट आहे : ऑक्टोबरच्या सहामाही चर्चेत कमतरता लेखी सांगितली नसेल, तर एप्रिलमध्ये २ देता येत नाही. वर सांगितलेल्या चाळीस जणांच्या विभागाच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या एकाचं नाव २ साठी आलं होतं. ऑक्टोबरची नोंद मागितली, निघाली नाही, त्याचा ३ राहिला. मॅनेजर माझ्यावर अजून नाराज आहे.

जिथे खालचा कोटा सक्तीचा असतो तिथे तो कसा भरला जातो तेही सांगून टाकतो, कारण तुमच्यातले काही जण तिथून आलेले आहेत. ज्याने राजीनामा दिलाय आणि नोटीस पिरियडवर आहे, त्याला खाली टाकतात, तो भांडत नाही. जो जानेवारीत आला त्याला टाकतात. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेलीला टाकतात, आणि ते सगळ्यात लाजिरवाणं. वरच्या बाजूला पाळी लावतात : मागच्या वर्षी तुला दिला, यंदा त्याचं लग्न आहे, त्याला देऊ. वरवर हे माणुसकीचं वाटतं. पण ज्याने सलग दोन वर्षं ५ चं काम केलं, त्याला दुसऱ्या वर्षी ४ देताना खोलीत कुणाला कारण सांगता येत नाही, आणि कारण सांगता येत नसेल तर ते रेटिंग नव्हेच. यंदा आम्ही तीन विभागांची मागच्या तीन वर्षांची यादी काढली. एका छोट्या गटात ५ दरवर्षी नव्या माणसाकडे फिरलेला दिसला, एकही नाव पुन्हा नाही. योगायोग असू शकतो. त्या गटाची पानं मी स्वतः पुन्हा वाचतो आहे. रजेचं म्हणाल तर नियम असा, की जितके महिने माणूस कामावर होता तितक्याच महिन्यांचं काम बघायचं, आणि सहा महिन्यांहून कमी असेल तर मागचं रेटिंग पुढे न्यायचं.

बढतीबद्दल एक गोष्ट दरवर्षी कुणाला तरी लागते. मागच्या एप्रिलमध्ये सीनियर झालेल्या अनेकांना यंदा ३ आहे. कालपर्यंत ५ वाले, आज ३. काम कमी झालेलं नाही, वरच्या पदाची अपेक्षा मोठी आहे आणि तुलनाही आता त्या पदावर चार-चार वर्षं असलेल्यांशी होते. हे बढतीच्या पत्रासोबतच सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, चूक आमची.

आता मॅनेजरांसाठी दोन वाक्यं, सगळ्यांसमोरच. "मी तुला ५ दिला होता, वरून कापला" हे यंदा मी किमान सहा जणांकडून ऐकलं. खोलीत तुम्ही होतात, पान तुम्ही वाचलंत, शेवटच्या यादीवर सही तुमची आहे. मीटिंगच्या आधी कुणाला आकडा सुचवू नका, आणि नंतर तो माझ्या नावावर खपवू नका. माझ्या नावावर आधीच पुष्कळ आहे.

बाकीच्यांना रेटिंग पटलं नसेल तर पंधरा दिवसांत फेरविचार मागता येतो. "मी खूप मेहनत केली" या वाक्याने तो अर्ज पुढे सरकत नाही, कारण मेहनत सगळ्यांनीच केलेली असते. अर्जात तुमच्या मॅनेजरने वाचलं ते अर्धं पान मागा. तुमचं पान तुम्हाला दाखवायची यंदापासून मुभा आहे, दुसऱ्याचं नाही. त्यात तुमचं एखादं काम आलंच नसेल, तारीख चुकीची असेल, किंवा फक्त फेब्रुवारी-मार्चमधलंच काम असेल आणि जूनमधलं गाळलं असेल, तर फेरविचाराला जागा आहे. मागच्या वर्षी चौदा अर्ज आले, तीन बदलले. तिन्हीत कारण एकच होतं, पहिल्या सहामाहीतलं काम पानावर नव्हतं. म्हणून सांगतो, आपल्या कामाची दोन ओळींची नोंद ज्या महिन्यात काम झालं त्याच महिन्यात सिस्टीममध्ये टाका. मार्चमध्ये बसून जून कुणालाच आठवत नाही, मॅनेजरला तर नाहीच.

निळ्या शाईच्या चिठ्ठीवर नाव नाही, त्यामुळे तुमचं पान कोणतं ते मला शोधता येत नाही. बुधवारी दुपारी तीन ते पाच मी तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मीटिंग रूममध्ये बसतो, दार उघडं असतं. खाली लिहिणाऱ्यानेही यावं.

आपला,
मनुष्यबळ विभागप्रमुख